गोडाऊनमधला रॅक हलायचा कधी थांबतो? मोबाईलवरच्या आलेखातून डॅम्पिंग कसं काढायचं

ठाण्याकडून भिवंडीला निघालात आणि कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपाउंड, आणि प्रत्येक कंपाउंडमध्ये गोडाऊनच्या रांगा. तुम्ही ऑनलाईन मागवलेली वस्तू तुमच्या दारात येण्याआधी या पट्ट्यातल्या एखाद्या रॅकवर राहून आलेली असू शकते.

या रॅकजवळ काम करणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. फोर्कलिफ्टने पॅलेट ठेवताना बीमला हलका धक्का लागतो, आणि फोर्कलिफ्ट मागे गेली तरी रॅक काही सेकंद डुलत राहतो. झोके हळूहळू लहान होतात आणि रॅक शांत होतो. एखादा रॅक पटकन थांबतो, एखादा बराच वेळ रेंगाळतो.

हा फरक आकड्यात मांडता येतो. त्यासाठी लागतो एक मोबाईल, त्यावर उमटलेला आलेख आणि अकरावी-बारावीचं गणित. पण तोच आकडा नीट वाचला नाही, तर ढिला झालेला रॅकही 'चांगला' वाटू शकतो. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी समजून घेऊ, रॅक थांबतो का?

धक्का देऊन हात काढून घेतल्यावर एखादी वस्तू स्वतःच्या लयीत हलत राहते, त्याला मुक्त दोलन म्हणतात. घरातला झोपाळा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. बाहेरून नवी ऊर्जा मिळत नाही आणि आहे ती प्रत्येक झोक्यात थोडी थोडी खर्च होते. झोपाळ्यात ती कड्यांच्या घर्षणात आणि हवेत जाते. रॅकमध्ये मुख्यतः सांध्यांत जाते. बीमच्या टोकाचे हूक उभ्या खांबाच्या खाचांत अडकवलेले असतात. रॅक डुलला की ते किंचित घासतात, बोल्टखालच्या बेस प्लेट वाकतात आणि ऊर्जेची उष्णता होते. ऊर्जा अशी कमी होण्याला डॅम्पिंग म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्यालाच अवमंदन म्हटलेलं असतं.

झोका मधल्या स्थितीपासून जास्तीत जास्त जितका दूर जातो तो त्याचा आयाम. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. साध्या डॅम्पिंगमध्ये आयाम दर झोक्याला सारख्या *अंतराने* कमी होत नाही, तो सारख्या *प्रमाणात* कमी होतो. पहिल्या झोक्याचे ८३ टक्के दुसऱ्यात उरले, तर दुसऱ्याचे ८३ टक्के तिसऱ्यात उरतात आणि तिसऱ्याचे ८३ टक्के चौथ्यात. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

मोजायचं कसं?

पहिली अट सुरक्षेची. माल भरलेल्या रॅकला मुद्दाम हलवायचं नाही. वरच्या कप्प्यातलं पॅलेट सरकलं तर खालच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. ही चाचणी रिकाम्या रॅकवर, गोडाऊनच्या जबाबदार माणसाला सांगून, त्या गल्लीतली फोर्कलिफ्ट बंद ठेवून करायची. रॅकवर चढायचं नाही. मोबाईल वर लावायचा तर पाय पक्के असलेली शिडी वापरायची आणि धक्का देण्याआधी ती बाजूला न्यायची.

मोबाईलमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतोच. त्याची नोंद ठेवायला `phyphox` नावाचं मोफत ॲप आहे. ते जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठात तयार झालं आहे. त्यात `Acceleration with g` हा पर्याय निवडा. दुसऱ्या पर्यायात गुरुत्वाकर्षण वजा केलेलं मिळतं, पण ते वजा करताना मोबाईल आकड्यांवर स्वतःची प्रक्रिया करतो. आपल्याला शक्य तितकी कच्ची नोंद हवी आहे.

मोबाईल वरच्या बीमवर आडवा ठेवून दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. त्याची लांब बाजू गल्लीच्या दिशेने असू द्या. म्हणजे `y` अक्षावर गल्लीच्या दिशेचं डुलणं नोंदलं जाईल. बहुतेक रॅकमध्ये आडवी-तिरपी जाळी खांबांच्या जोडीत, म्हणजे रॅकच्या खोलीच्या दिशेने असते. गल्लीच्या दिशेने रॅक बराचसा हुकांच्या जोरावर उभा असतो, म्हणून सांध्यांची गोष्ट याच दिशेला दिसते.

नोंद सुरू करा आणि पाच सेकंद काहीच करू नका. ही शांत नोंद पुढे फार उपयोगी पडते. मग रॅकच्या लयीत हाताने चार-पाच वेळा अगदी हलकं ढकला आणि हात पूर्ण काढून घ्या. रॅक शांत होईपर्यंत थांबा, नोंद बंद करा आणि फाईल एक्सेलमध्ये घ्या.

आलेख वाचूया

समजा, असाच एक आलेख हातात आला आहे. (पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या रॅकचे नाहीत.) हात काढल्यानंतरची पहिली एक-दोन शिखरं सोडून द्यायची, कारण त्यांत हाताचा स्पर्श आणि रॅकची बारीक थरथर मिसळलेली असते. त्यानंतरच्या शिखराला ० क्रमांक द्या. ते २.१४ सेकंदाला आहे आणि दहावं शिखर ६.१४ सेकंदाला. म्हणजे दहा झोक्यांना ४ सेकंद, एका झोक्याला ०.४ सेकंद. रॅक सेकंदाला अडीच वेळा डुलतो आहे.

आता शिखरांची उंची वाचू. एकक आहे मीटर प्रति सेकंद वर्ग.

| शिखर क्रमांक | आलेखावर वाचलेली उंची | मध्यरेषा वजा केल्यावर |
|---|---|---|
| ० | १.३० | १.२० |
| २ | ०.९२ | ०.८२ |
| ४ | ०.६६ | ०.५६ |
| ६ | ०.४९ | ०.३९ |
| ८ | ०.३६ | ०.२६ |
| १० | ०.२८ | ०.१८ |

तिसरा रकाना का लागला? सुरुवातीच्या पाच शांत सेकंदांकडे पाहा. रॅक स्थिर असतानाही मोबाईल शून्याऐवजी ०.१० दाखवत होता. कारण साधं आहे. मोबाईल जेमतेम अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त तिरका चिकटला, तरी गुरुत्वाकर्षणाचा तेवढा अंश आडव्या अक्षावर येतो. रॅक शून्याभोवती नाही, या ०.१० च्या रेषेभोवती डुलतो आहे. म्हणून प्रत्येक शिखरातून ०.१० वजा करायचं.

कुणी म्हणेल, आपण त्वरण मोजलं, डुलण्याचं अंतर कुठे मोजलं? ती अडचण नाही. डॅम्पिंग साधं असेल तर अंतर, वेग आणि त्वरण तिन्ही एकाच प्रमाणात घटतात, आणि आपल्याला फक्त प्रमाण हवं आहे. त्वरणावरून अंतर काढायला गेलात तर उलट जास्त चुका शिरतील. कुतूहल म्हणून सांगायचं तर या उदाहरणातला पहिला झोका मधल्या स्थितीपासून फक्त ५ मिलिमीटरचा आहे.

लॉग डिक्रिमेंट म्हणजे काय?

एका शिखराला पुढच्या शिखराने भागायचं आणि उत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा. मिळतो तो लॉगॅरिदमिक डिक्रिमेंट, थोडक्यात लॉग डिक्रिमेंट. त्याची खूण डेल्टा. आयाम सारख्या प्रमाणात घटतो, त्यामुळे लॉग घेतला की ही घट सारख्या पायऱ्यांची होते. म्हणूनच लगतची दोनच शिखरं घ्यायची गरज राहत नाही. n झोके सोडून पुढचं शिखर घ्या आणि n ने भागा.

```
δ = (1/n) × ln(x0 / xn)
ζ = δ / √(4π² + δ²)
```

दुसऱ्या ओळीतला झीटा म्हणजे डॅम्पिंग रेशो. वस्तू एकदाही न डुलता सरळ मूळ जागी येऊन थांबावी, यासाठी कमीत कमी जितकं डॅम्पिंग लागतं त्याच्या किती हिस्सा डॅम्पिंग इथे आहे, ते हा आकडा सांगतो. दारं आपोआप हळू बंद करणारं यंत्र या पूर्ण हिश्शाच्या आसपास काम करतं. रॅक, पूल, इमारती मात्र काही टक्क्यांतच असतात.

आपले आकडे एक्सेलमध्ये घालू.

```
A1:  =LN(1.20/0.18)/10
A2:  =A1/SQRT(4*PI()^2+A1^2)
```

A1 मध्ये येतं ०.१९० आणि A2 मध्ये ०.०३०. म्हणजे डॅम्पिंग रेशो ३ टक्के.

आता मध्यरेषा वजा करायला विसरलो असतो तर? १.३० आणि ०.२८ घेऊन तेच गणित केलं की डेल्टा ०.१५४ येतो आणि उत्तर २.४ टक्के. मोबाईल जरासा तिरका चिकटला एवढ्यावरून उत्तर पाचव्या हिश्श्याने चुकलं. आणि गंमत म्हणजे आलेख बघून ही चूक डोळ्यांना जाणवतही नाही.

घाईत पडताळा घ्यायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. आयाम निम्मा व्हायला किती झोके लागले ते मोजा आणि ११ ला त्या संख्येने भागा. उत्तर थेट टक्क्यांत मिळतं. आपल्या उदाहरणात १.२० चे ०.६० साधारण ३.७ झोक्यांत होतात. ११ भागिले ३.७ म्हणजे जवळपास ३. डॅम्पिंग कमी असेल तेव्हा ही युक्ती चांगली चालते.

किती झोके पुढचं शिखर घ्यायचं?

समजा, आलेखावरून उंची वाचताना ०.०२ इतकी चूक होऊ शकते. लगतचं शिखर, म्हणजे n = १ घेतलं, तर एवढ्याशा चुकीने उत्तर २.७ ते ३.४ टक्के असं कुठेही पडू शकतं. सहावं शिखर घेतलं तर तीच चूक सहा झोक्यांत वाटली जाते आणि उत्तर २.९ ते ३.१ च्या आसपास राहतं.

मग विसावं शिखर घेतलं तर आणखी चांगलं? नाही. तोवर शिखर इतकं छोटं झालेलं असतं की ०.०२ ची चूक त्याच्यापुढे मोठी ठरते. शेजारून टेम्पो गेला तरी आलेख तेवढा हलतो. आयाम सुरुवातीच्या साधारण एक-तृतीयांशावर आला की ते शिखर घेण्याची वेळ सगळ्यात चांगली.

त्याहून चांगली सवय म्हणजे दोनच शिखरांवर न विसंबता सगळ्या शिखरांचे लॉग काढून शिखर क्रमांकासमोर मांडायचे. ठिपके सरळ रेषेत पडले तर त्या रेषेचा उतार म्हणजेच डेल्टा. आणि ठिपके सरळ पडले नाहीत, तर खरी माहिती तिथेच असते.

रेषा वाकली तर ती काय सांगते?

आपल्या तक्त्यात दर दोन झोक्यांनी किती उरतं ते पाहा. ०.८२ भागिले १.२० म्हणजे ०.६८. पुढची गुणोत्तरंही ०.६७ ते ०.७० मध्येच आहेत. म्हणजे प्रमाण सारखं आहे, सूत्र इथे लागू आहे. मध्यरेषा वजा न केलेल्या रकान्यात हेच प्रमाण ०.७१ पासून चढत ०.७८ वर जातं. प्रमाण असं एका दिशेने सरकत असेल तर आधी मध्यरेषा तपासा.

मध्यरेषा बरोबर असूनही रेषा वाकली, तर सांध्यांकडे बघायचं. कोरड्या घर्षणात आयाम सारख्या प्रमाणात घटत नाही, तो दर झोक्याला सारख्या अंतराने घटतो: १.२०, १.००, ०.८०, ०.६०. लॉगच्या आलेखावर अशी घट खाली वाकत जाते आणि शेवटी रॅक रेंगाळत न थांबता एकदम थांबतो. हूक खाचांत घसरत असतील तर ही खूण दिसते. अशा वेळी एकच डॅम्पिंग रेशो सांगण्यात अर्थ नसतो, कारण तो प्रत्येक झोक्यागणिक वेगळा येतो. सांगायचाच असेल तर कुठल्या आयामावरचा ते सोबत सांगावं लागतं.

तिसरी खूण म्हणजे शिखरं लहान होत होत पुन्हा मोठी होणं. मुक्त दोलनात नवी ऊर्जा येत नाही, मग शिखर वाढलं कसं? बहुधा जवळजवळ सारख्या लयीची दोन डुलणी एकात एक मिसळली आहेत, उदाहरणार्थ रॅकचं सरळ डुलणं आणि पिळवटणं. `x` अक्षाची नोंद उघडून बघा, दुसरं डुलणं तिथे जास्त स्पष्ट दिसू शकतं. अशा आलेखातून दोन शिखरं उचलून सूत्रात घातली तर वाट्टेल ते उत्तर निघेल. तो आलेख बाजूला ठेवून रॅकच्या मधोमध, सरळ दिशेने ढकलून पुन्हा नोंद घ्यायची.

मग डॅम्पिंग जास्त आलं म्हणजे रॅक चांगला?

इथेच बरेच जण फसतात. जास्त डॅम्पिंग म्हणजे रॅक लवकर शांत होतो, हे खरं. ठेका धरून ढकलत राहिलं, तर डुलणं स्थिर जोराने होणाऱ्या वाकण्याच्या किती पट वाढेल, हे साधारण १ भागिले झीटाच्या दुप्पट एवढं असतं. ३ टक्क्यांना ते सुमारे १७ पट, ५ टक्क्यांना १० पट. भूकंपात हादरे असे ठेका धरून येत नाहीत, म्हणून फरक इतका मोठा नसतो, पण असतो. भारतीय भूकंप संहितेच्या, म्हणजे IS 1893 च्या, २००२ च्या आवृत्तीत ५ टक्के डॅम्पिंगसाठी भूकंपाच्या जोराचा गुणक १ आणि २ टक्क्यांसाठी १.४ दिलेला होता. २०१६ च्या आवृत्तीत इमारतींसाठी सरसकट ५ टक्के धरले आहेत.

पण रॅकमध्ये डॅम्पिंग वाढण्याचं एक वाईट कारणही असू शकतं. हुकाची सेफ्टी पिन निघाली असेल, बेस प्लेटचा अँकर बोल्ट ढिला झाला असेल, तर सांधा जास्त घासतो, जास्त ऊर्जा खातो आणि डॅम्पिंगचा आकडा वर जातो. रॅक लवकर थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मजबूत आहे.

हा फरक ओळखायला दुसरा आकडा लागतो, झोक्याचा वेळ. तो आपल्याकडे आलेखात आहेच. सांधा ढिला झाला की रॅक लवचीक होतो आणि झोका लांबतो. समजा, त्याच रिकाम्या रॅकची सहा महिन्यांनी पुन्हा नोंद घेतली. डॅम्पिंग ३ वरून ५ टक्के झालं, पण झोक्याचा वेळही ०.४० वरून ०.४६ सेकंद झाला. वजन तेच असेल तर वेळेच्या वर्गावरून ताठपणाचा अंदाज येतो: ०.४० ला ०.४६ ने भागून वर्ग केला की सुमारे ०.७६. म्हणजे रॅकने जवळपास चौथा हिस्सा ताठपणा गमावला. हा रॅक सुधारलेला नाही. त्यावर माल चढवण्याआधी प्रत्येक हूक, पिन आणि बोल्ट तपासायला हवा.

म्हणून आकडा एकटा लिहून ठेवू नका. डॅम्पिंग रेशो, झोक्याचा वेळ, सुरुवातीचा आयाम आणि लॉगचे ठिपके सरळ होते की वाकलेले, या चार गोष्टी तारखेसह एकत्र लिहा. एकाच रॅकची, एकाच जागी मोबाईल लावून, तीन-चार वेळा नोंद घ्या. उत्तरं एकमेकांशी जुळली तरच त्यांच्यावर विश्वास ठेवा.

या चाचणीतून काय कळत नाही?

आपण रॅक ५ मिलिमीटर हलवला. मोठ्या धक्क्यात सांधे जास्त घसरतात, माल पॅलेटवर सरकतो, आणि डॅम्पिंग वेगळंच असतं. भरलेल्या रॅकचा झोकाही रिकाम्यापेक्षा बराच सावकाश असतो. त्यामुळे 'तीन टक्के आले, म्हणजे रॅक भूकंपात टिकेल' किंवा 'इतका माल चालेल' असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. ते काम रॅकचं डिझाईन तपासणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

ही चाचणी एवढंच सांगते की हा रॅक, या स्थितीत, छोट्या धक्क्यानंतर कसा शांत होतो आणि मागच्या वेळेपेक्षा त्यात काही बदललं आहे का. गल्लीत शंभर सारखे रॅक असतील आणि त्यातल्या एकाचा झोका लांब, घट वाकलेली दिसली, तर पाना घेऊन आधी कुठे जायचं ते ठरतं.